स्वतःचाच वर्ग वजा करणारी क्रमिका: ती १/n सारखी का घटते?

आजचा विषय एका ओळीत मावतो. शून्य आणि एक यांच्यामधली कुठलीही एक संख्या घ्या. तिच्यातून तिचाच वर्ग वजा करा. जे उरेल, त्यातून पुन्हा त्याचा वर्ग वजा करा. आणि हेच करत राहा. सूत्रात लिहायचं तर एवढंच:

xₙ₊₁ = xₙ − xₙ²

इथे xₙ म्हणजे n पायऱ्यांनंतर हातात उरलेली संख्या. ही क्रमिका शून्याकडे जाते, हे दिसायला सोपं आहे. प्रत्येक वेळी आपण काहीतरी धन संख्या वजा करतो, म्हणून ती घटत जाते; पण ती शून्याच्या खाली जात नाही, कारण एकपेक्षा लहान संख्येचा वर्ग तिच्याहून लहानच असतो. घटणारी आणि खालून अडवलेली क्रमिका कुठेतरी स्थिरावते. ती L पाशी स्थिरावली, तर L = L − L² हे खरं असायला हवं, म्हणजे L शून्यच. इथपर्यंत काही अडचण नाही. आपला खरा प्रश्न आहे तो वेगाचा. शून्याकडे जाते, पण कशी जाते?

आपण ०.५ पासून सुरुवात करू. पदं येतात ती अशी: ०.५, ०.२५, ०.१८७५, ०.१५२३, ०.१२९१, ०.११२५. पहिल्या पायरीला संख्या निम्मी झाली. दुसऱ्या पायरीला फक्त चौथा हिस्सा गेला. पाचव्या पायरीला तर तेरा टक्क्यांच्या आसपासच. वेग मंदावतोय, हे उघड आहे. का मंदावतोय? x मधून x² काढणं म्हणजे x चा x इतका हिस्सा काढणं. हातात ०.१ असेल तर दहावा हिस्सा जातो. हातात ०.०१ असेल तर फक्त शंभरावा. असा एक कर समजा, ज्याचा दर तुमच्याकडे जेवढं आहे तेवढाच. गरीब होत जाल, तसा दरही उतरत जाईल. म्हणून ही क्रमिका भूमितीय श्रेढीसारखी घटत नाही. तिथे दर ठरलेला असतो, इथे तो स्वतःच विरघळत जातो.

आता ०.०१ पासून निम्मं, म्हणजे ०.००५ व्हायला किती पायऱ्या लागतील, याचा अंदाज घेऊ. सुरुवातीला प्रत्येक पायरीला ०.०००१ जातात, शेवटी शेवटी ०.००००२५. म्हणजे ५० पेक्षा जास्त आणि २०० पेक्षा कमी. प्रत्यक्षात शंभराच्या आसपास. मग ०.००५ चं निम्मं व्हायला? साधारण दोनशे. त्याचं निम्मं व्हायला चारशे. निम्मं होण्याचा काळ दर वेळी दुप्पट होतोय. आणि ही तर १/n ची खूण आहे: १/१०० वरून १/२०० वर यायला शंभर पायऱ्या, १/२०० वरून १/४०० वर यायला दोनशे.

हा झाला अंदाज. सिद्धतेसाठी एकच युक्ती पुरते. x कडे पाहायचं सोडून द्या आणि त्याच्या गुणाकार व्यस्ताकडे, १/x कडे, पाहा. कारण साधं आहे: x जर १/n सारखा वागणार असेल, तर १/x हा n सारखा वागेल, म्हणजे प्रत्येक पायरीला सुमारे एकने वाढेल. आणि एकेक पाऊल मोजणं फार सोपं असतं.

आपल्या उदाहरणातले व्यस्त लिहू: २, ४, ५.३३३, ६.५६४, ७.७४४, ८.८९२. लगतच्या दोघांमधले फरक बघा: २, १.३३३, १.२३१, १.१८०, १.१४८. फरक एकाकडे येतोय. तो का येतो, ते आता बीजगणितानं पाहू. नवं पद आहे x(1 − x). त्याचा व्यस्त घ्या आणि अपूर्णांक दोन भागांत फोडा:

1/(x(1 − x)) = 1/x + 1/(1 − x)

छेद समान करून बघा, उजवी बाजू लगेच जुळेल. म्हणजे नवा व्यस्त = जुना व्यस्त + 1/(1 − x). आणि x लहान होत गेला की 1/(1 − x) एकाकडे जातो, पण नेहमी एकपेक्षा थोडा जास्तच राहतो. बस, सगळं गुपित या एका ओळीत आहे.

आता व्यस्ताला y म्हणू. प्रत्येक पायरीला y किमान एकने वाढतो. सुरुवात २ पासून होती, म्हणून n पायऱ्यांनंतर y किमान n + 2. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मिळवायला ‘एकच्या वर किती’ हे मोजायचं. 1/(1 − x) मधून एक वजा केला तर उरतं x/(1 − x), आणि तेच y च्या भाषेत 1/(y − 1). गंमत अशी, की y किमान n + 2 आहे हे आपल्याला आत्ताच मिळालं. म्हणून n पायऱ्या झाल्यावर पुढच्या पायरीला होणारी जादा वाढ 1/(n + 1) पेक्षा मोठी असू शकत नाही. पहिल्या n पायऱ्यांतली सगळी जादा वाढ एकत्र केली, तर ती जास्तीत जास्त

1 + 1/2 + 1/3 + … + 1/n

एवढी. ही आपली ओळखीची बेरीज, आणि ती 1 + ln n पेक्षा मोठी होत नाही. Ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. तेव्हा हाती आलं:

n + 2 ≤ yₙ ≤ n + 3 + ln n

दोन्ही बाजूंना n नं भागा. लॉगॅरिदम n च्या मानानं इतका हळू वाढतो, की दोन्ही टोकं एकाकडे जातात. म्हणून yₙ/n एकाकडे जातो, आणि त्याचाच व्यस्त n·xₙ हाही एकाकडे जातो. सिद्धता संपली. लक्षात घ्या, ढोबळ खालच्या मर्यादेनंच आपल्याला चांगली वरची मर्यादा काढून दिली.

आता एक सावधगिरी. कुणी म्हणेल, सिद्धता कशाला, संगणकावर n·xₙ काढून बघू की. बघा जरूर. दहा पायऱ्यांनंतर n·xₙ येतो सुमारे ०.६९. एकाच्या जवळही नाही! शंभर पायऱ्यांनंतर ०.९४, हजार पायऱ्यांनंतर ०.९९. पहिल्या दहा पायऱ्यांवर थांबणारा माणूस सहज म्हणेल, की सीमा एक नसावीच. दोष आहे त्या जादा वाढीच्या बेरजेचा. ती खरोखरच ln n इतकी असते, फक्त वरची मर्यादा नव्हे. ०.५ पासून निघालं, तर yₙ जवळपास n + ln n + १.७७ असतो. हजारासाठी हे मोजा: १००० + ६.९१ + १.७७, म्हणजे १००८.६८. प्रत्यक्षात पायऱ्या मोजूनही तेवढंच येतं. म्हणून हाताशी थोडीच पदं असतील, तर n·xₙ कडे पाहू नका. लगतच्या व्यस्तांमधला फरक पाहा. दहाव्या पायरीलाच तो १.०८ असतो. जुनं ओझं n·xₙ मध्ये साचून राहतं, फरकात ते राहत नाही.

सुरुवातीची संख्या बदलली तर काय? ०.००१ पासून निघालात, तर y ची सुरुवात १००० पासून होईल. पुढे तोही एकेकानंच वाढेल. शेवटी सीमा तीच, पण n हजाराच्या खूप पुढे गेल्यावरच ती दिसेल. ०.९९ पासून निघालात, तर पहिल्याच पायरीला ०.००९९ वर आपटाल, आणि मग तिथून हळूहळू. मात्र एकपेक्षा मोठी किंवा ऋण संख्या घेऊ नका. २ घेतलात तर २ − ४ = −२, मग −२ − ४ = −६, मग −४२. हा घसरगुंडीचा वेगळाच खेळ आहे, तिथे आपली सिद्धता लागू नाही.

ही क्रमिका अगदी कोरडी वाटेल, पण ती एका प्रसिद्ध कुटुंबातली आहे. नवं पद = r·x(1 − x), हे जीवसंख्येचं साधं प्रारूप. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मधल्या लेखात ते गाजवलं. x म्हणजे कमाल संख्येच्या किती हिस्सा प्राणी आहेत, आणि r म्हणजे गर्दी नसताना एका पिढीत संख्या किती पट होते. आपली क्रमिका म्हणजे r = 1: जन्म जेमतेम भरपाई करतात, आणि गर्दीमुळे थोडं नुकसान होतं. r = 0.9 असेल, तर दर पिढीला किमान दहावा हिस्सा जातो, ०.५ पासून शंभर पिढ्यांनी ०.००००१४ पेक्षाही कमी उरतं. r = 1 असताना तेवढ्याच पिढ्यांनी ०.००९४ उरतं, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. दोन्ही जाती या प्रारूपात नष्टच होतात. पण उंबरठ्यावरची जात इतकी रेंगाळते, की थोडी वर्षं मोजणाऱ्याला ती स्थिरावली आहे असंच वाटेल. कारण तिचं निम्मं होण्याचा काळ दर वेळी दुप्पट होतो.

आता घरी करायला एक. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, १ घ्या आणि sin चं बटण दाबत राहा. लहान x साठी sin x हा जवळपास x − x³/6 असतो. इथे कराचा दर x नाही, x² च्या प्रमाणात आहे. म्हणून १/x ऐवजी १/x² पाहायचा. तो दर पायरीला सुमारे एकतृतीयांशानं वाढतो. म्हणजे n वेळा दाबल्यावर उत्तर √(3/n) च्या आसपास यायला हवं. तीनशे वेळा दाबण्याचा धीर असेल, तर ०.१ च्या जरा खालची संख्या दिसेल. जरा खालचीच का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.