बुफेमागची आग

चेफिंग डिश हे अन्न गरम करण्याचे भांडे नाही, गरम अन्न गरम ठेवण्याचे आहे. लग्नाच्या बुफेत भात कोमट लागतो किंवा आळूची भाजी खालून करपते, त्याचे कारण बहुतेक वेळा हा फरक विसरण्यात सापडते. खाली जळणारा डबा लहान असतो. त्याची आच पाण्याच्या ट्रेमार्फत वरच्या भांड्याला पोहोचते आणि तिचे काम उडून जाणारी उष्णता भरून काढण्याएवढेच असते.

मोठ्या आयताकृती डिशच्या खालच्या ट्रेमध्ये साधारण इंचभर पाणी घातले, तर ते चार लिटरच्या आसपास भरते. ते नळाचे गार पाणी असेल, तर जेलचे दोन डबे पेटवूनही वाफ धरायला पाऊण ते एक तास लागू शकतो, कारण ज्योतीची बरीच उष्णता बाजूच्या हवेत जाते. त्या वेळेत पाहुणे जेवायला उभे राहिलेले असतात. म्हणून ट्रेमध्ये उकळते पाणी ओतायचे, डबे पेटवायचे, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे रिकामे भांडे तापू द्यायचे आणि मगच अन्न भरायचे, हा क्रम जाणते केटरर पाळतात.

साडेसातच्या स्वागत समारंभासाठी मसालेभात ठेवायचा आहे असे समजा. मोठ्या पातेल्यातला भात सहा वाजताच तयार झाला आणि उघडा राहिला, तर सव्वासातला त्याचा वरचा थर चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आलेला असतो. तो तसाच डिशमध्ये भरला की तळचा थर सुकून चिकटतो आणि मधला कोमटच राहतो, कारण भातातून उष्णता फार हळू पसरते. भात चुलीवर पुन्हा वाफवून, मध्यभागी 75 अंश सेल्सिअस करून भरला तर डिश त्याला सांभाळते. बुफेवरचे गरम अन्न 60 अंशांच्या खाली जाऊ नये, हा भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतला दंडक आहे. हाताला कढत लागते म्हणून 60 अंश असेलच, असे गृहीत धरता येत नाही. सुईचा थर्मामीटर अन्नाच्या मध्यात खुपसून पाहावा, कडेला किंवा तळाला टेकवू नये.

भाताचे नाव मुद्दाम घेतले. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही भातात टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचे उलटी आणणारे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे तासन्‌तास कोमट राहिलेला भात ‘एक वाफ काढून’ सुधारत नाही. अर्धी संपलेली डिश ताज्या भाताने वरून भरण्याची सवयही वाईट. जुना थर तळाशी रात्रभर राहतो. त्यापेक्षा भांडे उचलून दुसरे भरलेले भांडे बसवावे. डिश काठोकाठ न भरता थोडी थोडी भरावी आणि झाकण शक्य तेवढे बंद ठेवावे. उघड्या डिशला दुप्पट डबे लावूनही वरचा थर निवतच जातो.

ट्रेमधले पाणी वाफ होऊन कमी होत राहते; तासाला अर्धा लिटर गेले तरी आश्चर्य नाही. सुरुवातीलाच पाणी कमी घातले असेल तर ऐन गर्दीत ट्रे कोरडा पडतो. झाकणाच्या कडेने येणारी वाफ थांबली आणि करपल्याचा वास आला, की हेच झालेले असते. पाणी अधूनमधून पाहावे आणि भर घालायची ती गरम पाण्याची. भांडे उचलताना लांबची कड आधी वर करावी, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही.

खरा धोका इंधनात आहे. बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेचे डबे मिळतात. एकात अल्कोहोलचे जेल असते, दुसऱ्यात वातीवर जळणारे द्रव इंधन. वातीची ज्योत पिवळसर आणि दिसणारी असते. जेलची निळी ज्योत दुपारच्या लॉनवर जवळजवळ अदृश्य असते, आणि अपघात होतो तो तिथेच. डबा विझला असे वाटून कोणीतरी बाटलीतून स्पिरिट किंवा जेल ओततो. आत ज्योत जिवंत असते. आग धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीतून भडका समोरच्याच्या अंगावर उडतो. म्हणून डबा टेबलावर कधीच भरायचा नाही. संपत आलेला डबा झाकणाने बंद करायचा, निवल्यावर काढायचा आणि नवा सीलबंद डबा जागेवर ठेवून लांब दांड्याच्या लायटरने पेटवायचा. फुंकर मारून विझवू नये, जळते जेल उडते. जेलमध्ये मिथेनॉल असू शकते आणि वातीच्या डब्यांत बहुधा डायइथिलीन ग्लायकॉल. दोन्ही पोटात गेल्यास विषारी, म्हणून ते पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रमाद मानावा.

दोन डबे भांड्याच्या दोन भागांखाली, स्टँडच्या वाटीतच बसवावेत. तापलेला डबा थेट टेबलावर ठेवला तर झालरीचे सॅटिन पेट घेते. वारा असेल तर ज्योत एका बाजूला कलते. तिथे आडोसा द्यावा, पण चारी बाजू बंद करू नयेत.

लाइव्ह काउंटरवर आग दिसते, म्हणून माणसे सावध असतात. नळी आणि सिलिंडर मात्र दिसत नाहीत. जिलबीच्या भट्टीला लाल घरगुती सिलिंडर वापरणे नियमाबाहेर आहे, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. तो उभा, मांडवाच्या कापडाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत, खड्ड्यात साचते. म्हणून तळघरातल्या हॉलमध्ये किंवा खोलगट जागी सिलिंडर नको. जोडणी झाल्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे आचारी अजूनही भेटतात! नळी सुरक्षा प्रकारची आणि वाढप्यांच्या पायाखाली न येणारी हवी.

कढई अर्ध्याहून जास्त भरू नये, आणि पाहुणे व कढई यांच्यात आडवे टेबल हवे, कारण मुले जिलबी पाहायला काठापर्यंत येतात. तेलातून धूर निघाला की आच कमी करावी, पुढची पायरी पेट घेण्याची आहे. पेटलेच तर गॅस बंद करून धातूचे झाकण बाजूने सरकवावे. पाणी टाकले तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे फेकते. सोबत तेलाच्या आगीसाठीचा अग्निशामक हवा. साध्या पावडरने ज्वाळा विझतात, पण तेल तापलेलेच राहते आणि पुन्हा पेटू शकते.

आवरताना आधी सिलिंडरची चावी बंद करून नळीतला गॅस जळू द्यावा, मग बर्नरची. तेल निवेपर्यंत कढई हलवू नये. जेलचे डबे झाकून, हात लावता येईल इतके गार झाल्यावरच खोक्यात भरावेत. डिशमधले 60 अंशांवर टिकलेले अन्न लगेच वाटता येते; दोन तासांहून जास्त कोमट राहिलेला भात मात्र कोणाच्या डब्यात भरून देऊ नये.