कुंडीतल्या आम्रपालीचा मोहोर का गळतो?

जानेवारीत गच्चीवरची आम्रपाली मोहोराने भरून जाते आणि फेब्रुवारीअखेर कुंडीभोवती नुसता पिवळट कचरा पडतो. झाड आजारी आहे असे समजून लोक लगेच खत घालतात, औषध मारतात. आधी त्या कचऱ्यात काय पडले आहे ते पाहावे.

आंब्याच्या एका मोहोराच्या तुऱ्यात शेकडो, कधी हजारांच्या घरात फुले असतात. त्यांतली बरीचशी केवळ नर असतात आणि ती गळण्यासाठीच असतात. उभयलिंगी फुलाच्या मध्यभागी हिरवट-पिवळा बारीक गोळा दिसतो. तोच पुढे कैरी होतो. भिंगातून पाहिले की फरक लगेच कळतो. गोळा नसलेली फुले पडत असतील तर काळजी नको. गोळ्यासकट फुले पडत असतील आणि कुठल्याच तुऱ्यावर वाटाण्याएवढी फळे टिकत नसतील, तर कारण शोधायला हवे.

उंच इमारतीत पहिला संशय परागीकरणावर घ्यावा. आंब्याचे परागकण चिकट असतात, ते वाऱ्याने फारसे उडत नाहीत. शिवाय एका फुलात सहसा एकच कामाचा पुंकेसर असतो. त्यामुळे फूल बसते ते कीटकांच्या येण्याजाण्यावर, आणि त्यातही मधमाशीपेक्षा माश्यांवर: निळी-हिरवी चकचकीत माशी, घरमाशी, फुलमाशी, शिवाय छोटी डंखहीन मधमाशी. तैवानमधले बागायतदार मोहोराच्या वेळी बागेत मासळीचे टाकाऊ भाग ठेवतात, ते याच माश्यांना बोलावण्यासाठी.

सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत डासांची जाळी असेल तर माशी आत येणार कुठून? कबुतरांसाठी लावलेल्या मोठ्या छिद्रांच्या जाळीतून ती सहज येते. अडचण बारीक जाळीची. मोहोर असेपर्यंत सकाळी ती उघडी ठेवा, किंवा कुंडीच गच्चीत न्या. नोव्हेंबरच्या शेवटी दोन कुंड्यांत धने आणि बडीशेप पेरा. कोथिंबीर न काढता फुलू दिली की तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर फुलमाश्या येतात आणि शेजारच्या आंब्यावरही बसतात. कीटक येतच नसतील तर सकाळी नऊ ते बारा या वेळात मऊ रंगकामाचा ब्रश तुऱ्यावरून हलकेच फिरवावा, आठ-दहा दिवस, रोज. हापूस, दशहरी यांसारख्या अनेक जातींना स्वतःच्या परागांवर फळ नीट धरत नाही, म्हणून शेजारी दुसऱ्या जातीचे झाड फुललेले असेल तर ब्रश आधी त्यावरून फिरवून मग आपल्या झाडावर आणावा. तुऱ्यांवर फवारणी मात्र फुले उघडण्याआधीच करावी. भुरीची पांढरी पावडर दिसली तर त्या वेळी पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरते. फुले उमलल्यावर कीटकनाशक मारणे म्हणजे परागीकरण करणारेच मारणे.

दुसरे कारण खताचे. आम्रपाली ही दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली बुटकी, दरवर्षी फळणारी जात. तिला शंभर लिटरच्या अर्ध्या ड्रममध्ये लावले की मुळांना खत लगेच मिळते. मोहोराच्या वेळी युरिया किंवा शेणखताची स्लरी दिली तर झाड पालवी फेकते, आणि ती कोवळी पालवी फळांचे अन्न ओढून घेते. मोहोराबरोबर तांबूस पाने निघाली तर हेच समजावे. अशा झाडाला जूनमध्ये फळे उतरवल्यावर चार-पाच किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड द्यावी. ऑक्टोबरपासून नत्र बंद. पाणीही कमी करावे, पण मातीचा वरचा दोन इंच थर सुकला की द्यावेच. कुंडीतले झाड बागेतल्यासारखा ताण सोसत नाही. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर नियमित पाणी आणि पोटॅशियम नायट्रेटची एक फवारणी, लिटरला दहा ग्रॅम.

छाटणीची वेळ तितकीच महत्त्वाची. मोहोर फांदीच्या टोकाला, पक्व झालेल्या काडीवर येतो. म्हणून फळे निघाल्यावर लगेच, जून-जुलैत, टोके वीतभर मागे कापावीत. आत घुसलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून टाकाव्यात. नवी पालवी हिवाळ्यापर्यंत पिकते. ऑक्टोबरनंतर कात्री लावली तर त्या वर्षीचा मोहोरच कापला जातो.

कलम तीन वर्षांचे होईपर्यंत मोहोर काढून टाकावा. चौथ्या वर्षापासून अर्ध्या ड्रममधल्या झाडावर दहा-बारा फळे पुरेत. एका तुऱ्यावर एकच ठेवावे. सुपारीएवढी झाल्यावर आणखी काही आपोआप गळतील. ज्यांत कोय नीट धरलेली नसते ती आधी पडतात. पडलेली कैरी कापून पाहिली तर कोय चपटी, पोकळ दिसते, आणि पुढच्या वर्षी ब्रश लवकर हाती घ्यायचा, हे ठरते.