अभिनंदनाचे पत्र : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कचेरीतील कुणाच्या पदोन्नतीचा आदेश निघाला की घटकाभरात कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर पुष्पगुच्छ, जोडलेले हात आणि ‘पेढे कुठे?’ अशी विचारणा यांचा जो वर्षाव होतो, त्यात आपलेपणा नसतो असे कोणी म्हणणार नाही; परंतु दुसऱ्या दिवशी त्यांतील कोणता संदेश कोणाचा, हे खुद्द सत्कारमूर्तीलाही सांगता येत नाही. याच गप्पांतून एखादे नेमके आणि जपून ठेवावेसे वाटणारे पत्र सिद्ध होऊ शकते. पण काही रूढ समजुती त्याच्या आड येतात. महसूल खात्यातील एक कल्पित प्रसंग समोर ठेवून त्या तपासू. समजा, तहसील कचेरीतील एका अव्वल कारकुनांना नायब तहसीलदारपदी बढती मिळाली आहे आणि त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका तलाठ्याला त्यांचे अभिनंदन करावयाचे आहे.

गैरसमज १ : समूहावरील गप्पा थिल्लर असतात, पत्रासाठी त्या बाजूला ठेवून नव्याने भारदस्त मजकूर रचावा लागतो.

वस्तुस्थिती : पत्राचे खरे द्रव्य त्या गप्पांतच असते, फक्त ते निवडून घ्यावे लागते. आपल्या तलाठ्याने समूहावर ओळीने चार गोष्टी लिहिल्या आहेत : ‘अभिनंदन साहेब’, ‘पार्टी पाहिजे’, ‘आता आमच्या फायली पटापट काढा’ आणि ‘पुराच्या याद्यांच्या वेळी तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं’. पहिली ओळ कोणीही लिहील. दुसरी समूहावरच शोभते. तिसरी बोलण्यात विनोद असली तरी कागदावर उतरताच नव्या अधिकाऱ्याकडे केलेल्या मागणीसारखी दिसते, म्हणून ती निःसंकोच गाळावी. चौथी ओळ मात्र मोलाची आहे, कारण ती दुसऱ्या कोणालाही लागू पडत नाही. तिला एवढेच विचारावयाचे : त्या वेळी साहेबांनी नेमके काय केले, आणि त्यामुळे काय घडले? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून पुढील पत्र तयार होते.

> आदरणीय साहेब,
>
> स. न. वि. वि.
>
> नायब तहसीलदारपदी आपल्याला पदोन्नती मिळाल्याचा आदेश आज वाचला. मनःपूर्वक अभिनंदन.
>
> पुरानंतर अनुदानाची पहिली यादी खातेक्रमांकांच्या चुकांमुळे बँकेतून परत आली, तेव्हा दुसरी यादी पाठविण्यापूर्वी आपण आम्हां तलाठ्यांना समोर बसवून प्रत्येक क्रमांक पासबुकावरून मोठ्याने वाचावयास लावला होता. त्या दिवशी आम्ही कुरकुरलो. पण माझ्या सजातील एकही नाव पुन्हा परत आले नाही. सही करण्यापूर्वी आकडे वाचून पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली, ती आजही आहे.
>
> नव्या जागी आपल्याला मनासारखे काम आणि चांगले सहकारी लाभोत.
>
> कळावे, लोभ असावा.

गैरसमज २ : विशेषणे जितकी अधिक, तितका जिव्हाळा अधिक.

वस्तुस्थिती : वरील पत्रात साहेबांच्या गुणांचे एकही विशेषण नाही, हे ध्यानात घ्यावे. ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’, ‘अजातशत्रू’ हे शब्द निरोपसमारंभांच्या मानपत्रांत इतके झिजले आहेत, की ते वाचताना वाचणाऱ्याची दृष्टी थेट सहीवर जाते. पासबुकावरून क्रमांक वाचून घेण्याचा प्रसंग सांगितला, की दक्षता निराळी सांगावी लागत नाही. आणि ‘आम्ही कुरकुरलो’ या कबुलीने ती स्तुती खुशामतीपासून दूर राहते. जिव्हाळा येतो तो प्रसंगाच्या शेवटाने, म्हणजे त्या कृतीचा लिहिणाऱ्यावर काय परिणाम झाला, हे एका वाक्यात सांगण्याने. प्रसंग एकच निवडावा. तीन प्रसंग एकत्र आणले, तर पत्राचा अहवाल होतो.

गैरसमज ३ : ‘अखेर आपल्या श्रमांचे चीज झाले’ हे वाक्य कोणालाही, केव्हाही लिहावे.

वस्तुस्थिती : शासकीय सेवेतील पदोन्नतीत ज्येष्ठता यादी, रिक्त पद, गोपनीय अहवाल आणि विभागीय पदोन्नती समितीचा निर्णय यांचा वाटा असतो. त्यामुळे ‘अखेर’ म्हटले, की आजवर अन्याय झाल्याचे सूचित होते, आणि ‘आपणच खरे लायक होता’ म्हटले, की त्याच यादीत मागे राहिलेल्या सहकाऱ्यावर अभावितपणे शेरा मारला जातो. पत्र त्याच्याही नजरेस पडू शकते. पदोन्नती का मिळाली, याचा निवाडा करणे हे अभिनंदन करणाऱ्याचे काम नव्हे. आपण काय पाहिले, एवढीच साक्ष त्याने द्यावी. त्याबरोबर आदेश स्वतः वाचून पदाचे नाव बिनचूक लिहावे आणि पदोन्नती नियमित आहे की तात्पुरती, तेही पाहून घ्यावे. कारण तात्पुरत्या आदेशावर कायमच्या यशाचे अभिनंदन केले, तर घेणाराच अवघडतो.

गैरसमज ४ : सेवेची वर्षे पूर्ण झाल्याचे अभिनंदन करताना वर्षांचा आकडा लिहिला की पुरे.

वस्तुस्थिती : खाजगी नोकरीत लिंक्डइनसारखी संकेतस्थळे माणसाने स्वतः नोंदविलेल्या रुजू होण्याच्या महिन्यावरून वर्षे पूर्ण झाल्याची आठवण त्याच्या परिचितांना देतात आणि तयार वाक्यही पुढे करतात. ज्याने नोकरी सोडली पण नोंद बदलली नाही, त्यालाही त्या सोडलेल्या नोकरीबद्दल शुभेच्छा जातात. म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस अद्याप तेथेच आहे ना, याची खातरजमा करावी.

शासकीय नोकरीत आकडा याहून नाजूक असतो. राज्य शासनाच्या आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर मिळणारा वेतनाचा लाभ मुळात पदोन्नतीची संधी न लाभलेल्यांसाठी आहे. अर्थात ‘दहा वर्षे पूर्ण’ याचा अर्थ कित्येकदा ‘दहा वर्षे त्याच टेबलावर’ असा असतो, आणि नुसत्या आकड्याचे कौतुक त्या जागी बोचू शकते. अशा वेळी पदाविषयी मौन पाळून त्या टेबलावर काय बदलले, ते लिहावे : ‘आपण अभिलेख कक्षात येण्यापूर्वी जुना फेरफार शोधावयास दिवस जाई, गावनिहाय गठ्ठे आणि त्यांवरची सूची आपण लावल्यापासून तो दुपारच्या जेवणापूर्वी हाती येतो.’ दहा वर्षांचा हिशेब एवढ्यात सामावतो.

गैरसमज ५ : पत्र चांगले झाले, तर ते समूहावरच टाकावे, सर्वांनी वाचलेले बरे.

वस्तुस्थिती : समूहावर एका ओळीचे अभिनंदन पुरेसे असते, पत्र त्याच आठवड्यात ज्याचे त्याला निराळे द्यावे, म्हणजे स्तुतीची चढाओढ लागत नाही. वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिताना मात्र अधिक जपावे. ‘पुढची खुर्चीही आपलीच’ असे एखादे उमेदीचे वाक्य ज्याच्या हातात पुढच्या पदोन्नतीचा निर्णय नाही त्याने लिहिले तर ते पोकळ ठरते, आणि ज्याच्या हातात आहे त्याने लिहिले तर ते वचन समजले जाते. कामगिरीची अधिकृत नोंद व्हावी असे वाटत असेल, तर ती प्रतिवेदन अधिकाऱ्याने गोपनीय अहवालात करावी. खाजगी पत्रातील चार ओळी त्या नोंदीची जागा घेऊ शकत नाहीत.