नऊच्या आत मद्दूरचं नाकं

म्हैसूरहून केरळमधल्या सुलतान बत्तेरीला जायचं तर रस्ता सरळ आहे: नंजनगूड, गुंडलुपेट, मग बंदीपूरचं जंगल आणि ते ओलांडलं की वायनाड. एकूण अंतर एकशे पंधरा किलोमीटरच्या आसपास. दिवसा तीन तासांत माणूस आरामात पोचतो. रात्री नऊनंतर मात्र गुंडलुपेटच्या पुढे मद्दूरच्या तपासणी नाक्यावर आडवा बांबू पडतो, तो सकाळी सहालाच उचलला जातो. कोझिकोड ते कोल्लेगळ असा जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ७६६. म्हणजे राष्ट्रीय महामार्गालाही इथे रात्रीचं कुलूप आहे.

हे कुलूप २००९ साली लागलं. चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रात्रीच्या वाहतुकीवर बंदी घातली, मग ती मागे घेतली गेली, प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये न्यायालयाने बंदी कायम केली. केरळ सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण बंदी उठली नाही. रुग्णवाहिका आणि दोन्ही राज्यांच्या ठरावीक सरकारी बस एवढ्यांनाच रात्री सोडतात. बाकी सगळ्यांनी सकाळची वाट पाहायची किंवा दुसरा रस्ता धरायचा.

बंदीचं कारण जंगलात रात्री काय चालतं यात आहे. उन्हाचा ताप उतरला की हरणं, गवे, हत्ती हालचाल करू लागतात, आणि पाण्याकडे जाणाऱ्या त्यांच्या वाटा याच डांबराला छेदतात. अंगावर हेडलाइटचा झोत पडला की चितळ पळत नाही, जागीच थिजतं. मोकळा रस्ता पाहून वेगात आलेल्या ट्रकला मग ब्रेक लावायलाही वाव उरत नाही. शिवाय ट्रकांची रांग रात्रभर थांबली नाही, तर जनावरांना रस्ता ओलांडायला मोकळी वेळच मिळत नाही. हत्तीचं प्रकरण आणखी वेगळं. या भागातले काही हत्ती भाजीचे आणि उसाचे ट्रक ओळखायला शिकले आहेत. ते रस्त्यात उभे राहून गाडी अडवतात आणि सोंडेने माल ओढतात. दिवसा लोक त्याचे व्हिडिओ काढतात. अंधारात वळणावर तोच हत्ती समोर आला तर कॅमेरा काढायची कुणाची हिंमत होणार नाही.

वायनाडच्या बाजूने पाहिलं तर तक्रारही खोटी नाही. तिथला शेतमाल, व्यापार आणि मोठ्या उपचारासाठी बाहेर जाणारे रुग्ण हे सगळं याच रस्त्यावर अवलंबून. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी मार्ग कायमचा करून हा रस्ता दिवसाही बंद करता येईल का, अशी विचारणा केली, तेव्हा बत्तेरीत तरुण उपोषणाला बसले. वायनाडचे तेव्हाचे खासदार राहुल गांधी त्यांना भेटायला गेले. जंगलातला काही भाग उंच पुलांवरून न्यावा असाही प्रस्ताव आला होता. महाराष्ट्राच्या वाचकाला लगेच पेंचची आठवण होईल: नागपूर-सिवनी महामार्गाखाली जनावरांसाठी भुयारी वाटा केल्या आणि वाघांसकट अनेक प्राणी त्यातून जाताना कॅमेऱ्यात दिसले. पण तिथे रस्ता चौपदरी होणारच होता, म्हणून त्या वाटा आल्या. बंदीपूरमध्ये आज रात्रीपुरता शांत असलेला रस्ता बांधकामासाठी उकरायचा, झाडं तोडायची आणि मग त्यावरून चोवीस तास वाहनं सोडायची, असा तो व्यवहार झाला असता. वन्यजीव अभ्यासकांचा विरोध होता तो याला, आणि तो पटण्यासारखा आहे.

आता गाडीत बसलेल्या माणसाचा प्रश्न. समजा, पुण्या-कोल्हापुराकडून निघालेलं एक कुटुंब संध्याकाळी साडेसातला म्हैसुरात पोचलं आहे. मुक्काम बत्तेरीत ठरलेला. गुंडलुपेट इथून साठ किलोमीटर, वाटेत नंजनगूडची गर्दी, म्हणजे सव्वा तास तरी हवा. पुढे नाक्यापर्यंत आणखी पंधरा-वीस मिनिटं. चहाला थांबले, डिझेल भरलं की नऊ वाजलेच. साडेसातला निघालेला माणूस नशिबाच्या भरवशावर निघतो. सातच्या आत म्हैसूर सोडलं तर जावं, नाहीतर हा रस्ता त्या दिवसापुरता विसरावा.

मग ड्रायव्हर मोबाइलवर नकाशा उघडतो, आणि खरी फसगत इथे होते. म्हैसूरहून मानंतवाडीला जाणारा दुसरा जवळचा रस्ता अंतरसंते आणि बावलीवरून आहे. तो नकाशावर छोटा आणि सोयीचा दिसतो, पण तो नागरहोळेच्या जंगलातून जातो आणि संध्याकाळी सहालाच बंद होतो. हुणसूरहून वीरनहोसहळ्ळीमार्गे नागरहोळेतून कुट्ट्याला जाणारा रस्ताही तसाच. जो पर्याय म्हणून धरायचा, तोच आधी बंद झालेला असतो. त्यामुळे नकाशाने दाखवलेल्या निळ्या रेषेवर भरवसा न ठेवता वाटेतल्या गावांची नावं वाचावीत. अंतरसंते, बावली किंवा वीरनहोसहळ्ळी दिसलं की तो रस्ता रात्रीचा नाही. हुणसूर, तित्तीमत्ती, गोणीकोप्पल, कुट्टा, तोलपेट्टी आणि मानंतवाडी अशी माळ लागली की तो चालू रस्ता. केरळला जाणाऱ्या रात्रीच्या बस याच वाटेने धावतात.

हा रस्ता मात्र स्वस्तात पडत नाही. म्हैसूर ते मानंतवाडी दीडशेच्या आसपास, तिथून बत्तेरी आणखी चाळीसेक किलोमीटर. म्हणजे एकशे नव्वद किलोमीटर, तेही वळणावळणाच्या कोडगूमधून. रात्री चाळीसच्या सरासरीने गाडी चालली तरी पावणेपाच तास. म्हैसूरहून आठला निघालेलं कुटुंब पाऊण-एकला पोचणार. पावसाळ्यात गोणीकोप्पलच्या पुढे धुकं उतरलं तर त्याहून उशीर. शिवाय तित्तीमत्ती आणि तोलपेट्टीजवळ इथेही जंगल आहेच, फक्त नाकं नाही. हत्ती दिसला तर लांबच थांबावं, हेडलाइट खाली करावेत, हॉर्न वाजवू नये आणि त्याला ओलांडून जायची घाई करू नये.

म्हणून मुक्काम कुठे आहे यावर निर्णय ठरतो. मानंतवाडी किंवा कन्नूरला जायचं असेल तर कुट्ट्याची वाट बंदी नसतानाही वाईट नाही, ती रात्री निवांत धरावी. बत्तेरीच गाठायची असेल तर ती रात्र म्हैसुरात किंवा गुंडलुपेटला काढावी. पहाटे निघून सहाला नाक्यावर रांगेत लागलं की साडेसात-आठपर्यंत बत्तेरी. रात्री एक वाजता थकून पोचण्यापेक्षा हे सात तास उशिराने पोचणं शहाणपणाचं.

उटीला जाणाऱ्यांची गोष्ट याहून अवघड आहे. गुंडलुपेटहून फुटणारा उटीचा रस्ताही बंदीपूर आणि मुदुमलाईतून जातो आणि नऊलाच बंद होतो. चामराजनगरकडून दिंबम घाटाने तमिळनाडूत उतरावं म्हटलं, तर सत्यमंगलमच्या जंगलातल्या त्या रस्त्यावरही मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ पासून रात्रीचे निर्बंध आहेत. उरतो तो सेलम, मेट्टुपाळयमचा फेरा, आणि तो म्हैसुरातून नव्हे, बेंगळुरूतूनच धरावा लागतो. म्हैसुरात पोचल्यावर हा विचार करणाऱ्याने सरळ लॉज पाहावा. मे २०२४ पासून निलगिरीत शिरायला ई-पासही लागतो. तो म्हैसुरातल्या मुक्कामातच मोबाइलवर काढून ठेवावा, म्हणजे सकाळी नाक्यावर खोळंबा होत नाही.