बापाचं नाव मधोमध

बीडहून धाराशिवकडे जाताना लागणाऱ्या चौसाळ्यात वीस-बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरतोय. आधी हातानं, मग संगणकावर. ऊसतोडीला जाणारी घरं भोवतीच्या गावांत पुष्कळ. त्यात नवऱ्यानं टाकलेल्या, स्वतः निघून माहेरी आलेल्या आणि कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्या बायाही पुष्कळ. त्यांच्या लेकरांचे अर्ज भरताना एकच रकाना अडायचा, तो म्हणजे ‘वडिलांचे नाव’.

2018 पर्यंत पॅनच्या 49A अर्जात हा रकाना भरावाच लागायचा. लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याचं नाही, बापाचंच नाव लागे. आईचं नाव जोडीला देता यायचं, पण बापाचा रकाना मोकळा ठेवून अर्ज पुढे जात नसे. अशा वेळी आया सांगायच्या, “भाऊ, कैलासवासी लिहा, म्हणजे प्रश्न मिटला.” सुरुवातीच्या काळात मी एक-दोनदा तसं लिहिलंही. आजही त्याचं वाईट वाटतं. जिवंत माणसाला कागदावर मारणं ही खोटी माहिती झालीच, शिवाय तो कागद पुढे भलत्याच ठिकाणी उभा राहतो. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची वेळ येते तेव्हा तलाठी विचारतो, वडील वारले कधी, मृत्यूचा दाखला कुठंय? वेगळं राहिल्यानं मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला वाटा जात नाही. 2005 च्या दुरुस्तीनं तो मुलाइतकाच झालाय. एका अर्जातल्या ‘कै.’ या अक्षरानं मात्र तो वाटा मागताना अडचण उभी राहते.

नोव्हेंबर 2018 मध्ये आयकर नियमांतल्या 114 व्या नियमात बदल झाला आणि 5 डिसेंबरपासून तो लागू झाला. अर्जात एक प्रश्न आला: आई एकल पालक आहे का आणि फक्त आईचं नाव देऊन पॅन हवं आहे का? ‘हो’ म्हटलं की बापाचा रकाना मोकळा ठेवता येतो. घटस्फोटाचा हुकूमनामा या प्रश्नासाठी लागत नाही. माहेरी येऊन वीस वर्षं झालेल्या पण कागदावर अजून विवाहित असलेल्या बायांना याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

2019 च्या जूनमध्ये अशीच एक बारावी झालेली पोरगी आईबरोबर आली. पोरगी दोन वर्षांची असताना आई माहेरी आलेली. मी ‘हो’वर खूण केली. आईचं नाव तिच्या स्वतःच्या आधारवर जसं आहे तसंच घातलं, म्हणजे सासरच्या आडनावासकट. इथं बरेच जण चुकतात. आई माहेरचं आडनाव सांगते, आधारवर सासरचं असतं, आणि लेकीच्या दोन कागदांवर दोन आया निघतात. मी आधी आईचं आधार काढायला लावतो, मगच टाइप करतो.

कार्ड आलं. खाली आईचं नाव, अगदी मागितलं तसं. आईनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली. मुलीच्या स्वतःच्या नावात मधोमध तोच माणूस होता.

आपल्याकडची खरी गोम ती आहे. दिल्लीत बसून अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याला वाटतं, बाप ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात राहतो. मराठी माणसाचा बाप लेकराच्या नावातच राहतो: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. पॅनवरचं नाव आधारशी जुळावं लागतं, आधार शाळेच्या टी.सी.वरून निघालेलं असतं आणि टी.सी. पहिलीच्या प्रवेशावरून. रकाना मोकळा झाला तरी मधलं नाव जागचं हलत नाही.

म्हणून हल्ली मी आयांना आधी विचारतो, तुम्हाला रकाना मोकळा हवा की नाव बदलायचंय? दोन्ही कामं वेगळी आहेत. नाव बदलायचं असेल तर लेकरू शाळेत असतानाच हलावं लागतं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे मुख्याध्यापकामार्फत शिक्षण खात्याकडे अर्ज करायचा. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमध्ये हवा तसा बदल होत नाही. तिथं उघड चूक दुरुस्त होते, आवड-नावड चालत नाही. मग राहतो तो राजपत्राचा मार्ग. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं आणि नवं नाव छापून आणायचं, त्यावरून आधी आधार, मग पॅन, मग बँक. हाच क्रम ठेवावा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आधी स्पेलिंग सुधारायला एक संधी वाया घालवू नये. जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव असेल तर ते मात्र तसंच राहू द्यावं. नाव बदललं तरी नातं सिद्ध करायला तोच कागद कामी येतो.

त्या पोरीनं नाव बदललं नाही. “सगळे मार्कलिस्ट तेच आहेत, काका,” म्हणाली. मलाही ते पटलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळ्या ओळीत आधीपासून छापलेलं असतंच.

पासपोर्टचं गणित सोपं झालं ते 2016 च्या डिसेंबरात. आई, बाप किंवा कायदेशीर पालक, यांतलं एकच नाव पुरतं असं परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर केलं. अठराच्या आतलं लेकरू असेल तर मात्र नुसत्या नावावर भागत नाही, दुसऱ्या पालकाची संमती का नाही हे सांगणारं परिशिष्ट ‘सी’ साध्या कागदावर लिहून द्यावं लागतं. नाव आणि संमती हे दोन प्रश्न आहेत हे आयांना समजावताना माझा बराच वेळ जातो. लग्नच न झालेल्या आईला बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2015 मध्ये सांगितलं. आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्या, असा त्या निकालाचा अर्थ. तसं एक प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा निकालाची प्रत छापून अर्जाला जोडावी लागली.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. 1 मे 2024 ला किंवा नंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं येणार. आई आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण आई बापाच्या आधी येऊन उभी राहिली, बाप गेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायांतल्या काहींना हेच हवं असतं, काहींना अजिबात नको असतं.

आणि जातीच्या दाखल्याला आजही सगळं बापाच्या बाजूनंच विचारलं जातं: बापाचा, आज्याचा शाळेतला निर्गम उतारा, वंशावळ. आईनं वाढवलेल्या लेकराला आईची जात लावता येते का, हे पुराव्यावर ठरवा असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये आंतरजातीय लग्नाच्या एका प्रकरणात सांगितलंय. पॅन काढायला आलेल्या त्या पोरीचे आईबाप एकाच जातीचे, त्यामुळे त्या निकालाचा तिला उपयोग नव्हता. पॅन हातात आल्यावर दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, या वेळी आज्याच्या उताऱ्यासाठी. मी अर्ज लिहून दिला. सोळा वर्षांत तिनं बापाच्या गावी पाय ठेवला नव्हता. आई म्हणाली, मी जात नाही, तू मामाला घेऊन जा. शाळेच्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं, आज्याचं नाव सापडलं, उतारा मिळाला. परत येताना बसस्टँडवर चुलता भेटला. त्यानं वंशावळीवर सही केली आणि पोरीला विचारलं, शिकतेस ना?