नको असलेला एकच लेअर

गेल्या वर्षीच्या दिवाळी फराळाचा बॅनर यंदा पुन्हा छापायचा आहे. मजकूर तोच, फोटो तोच, फक्त खालच्या कोपऱ्यातला जुना मोबाइल नंबर आणि त्यामागची पिवळी पट्टी काढायची आहे. हाताशी फोटोशॉपची मूळ `.psd` फाइल असेल तर हे काम दोन मिनिटांचं आहे. त्यातला बराचसा वेळ मात्र नेमका लेअर शोधण्यात जातो.

फाइल उघडली की आधी `Save As` करून दुसऱ्या नावानं प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मग F7 दाबा, लेअरची यादी समोर येते. मजकुराच्या लेअरवर T हे अक्षर दिसतं. पट्टी, चौकोन, गोल अशा आकारांच्या लेअरच्या छोट्या चित्रात कोपऱ्यात आकाराची बारीक खूण असते.

मराठी बॅनरमध्ये एक वेगळीच अडचण येते. मजकुराच्या लेअरला नाव आपोआप त्या मजकुराचंच मिळतं. पण युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आतली अक्षरं रोमन असतात, केवळ दिसतात मराठी. त्यामुळे यादीत ‘ऑर्डरसाठी संपर्क’ वाचायला न मिळता अर्थहीन रोमन अक्षरांची माळ दिसते. यादी वाचून लेअर शोधायचा नाद अशा वेळी सोडलेला बरा. त्याऐवजी V दाबून मूव्ह टूल घ्या आणि चित्रात थेट नंबरावर राइट क्लिक करा. त्या ठिकाणी एकावर एक जे लेअर आहेत, तेवढ्यांचीच छोटी यादी उघडते. त्यातलं एकेक नाव निवडून पाहता येतं.

लेअर निवडला म्हणून लगेच उडवू नका. आधी त्याच्या शेजारचा डोळा बंद करा आणि चित्राकडे बघा. फक्त नंबर गेला तर लेअर बरोबर आहे. पट्टीचा डोळा बंद केल्यावर तिच्यासोबत लाडू-चकलीचा फोटोही गायब झाला, तर थांबा. तो फोटो त्या आकाराच्या हद्दीत अडकवलेला आहे, म्हणजे तो आकार फोटोची चौकट आहे. यादीत अशा फोटोच्या लेअरपुढे खाली वळलेला छोटा बाण असतो. चौकट काढली की फोटोची मांडणी बिघडणार, हे आधीच कळतं. माझ्या मते डोळा बंद करून पाहण्याची ही सवय बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा मोलाची आहे.

खात्री पटली की डोळा पुन्हा उघडा, तोच लेअर निवडलेला आहे ना ते बघा आणि Delete दाबा. इथे दोन घोटाळे नेहमी होतात. टाइप टूल घेऊन नंबरावर क्लिक केलेलं असेल तर कर्सर मजकुरात लुकलुकत असतो आणि Delete एकेक अंक खातं. Esc दाबून बाहेर या, मूव्ह टूल घ्या. दुसरं म्हणजे चित्रावर कुठे सरकत्या तुटक रेषांचं सिलेक्शन राहिलेलं असतं. मग Delete लेअर काढत नाही, त्या चौकटीतला भागच पुसायला जातं. Ctrl+D दाबून सिलेक्शन सोडा. लेअरपुढे कुलूप दिसत असेल तर आधी ते काढावं लागतं.

नंबर आणि पट्टी दोन्ही गेल्यावर Ctrl+1 दाबून चित्र शंभर टक्के मोठं करून तो कोपरा नीट पाहा. पुष्कळदा पट्टीची सावली तिथेच राहिलेली असते. सावली पट्टीला इफेक्ट म्हणून दिलेली असेल, म्हणजे लेअरपुढे `fx` असेल, तर ती पट्टीबरोबर जाते. डिझायनरनं ती वेगळ्या लेअरवर रंगवलेली असेल तर मात्र मळकट डाग उरतो आणि छापल्यावर फ्लेक्सवर तो ठळक दिसतो. डागावर राइट क्लिक करा, सावलीचा लेअर शोधा, तोही काढा. चुकीचं काही गेलं तर Ctrl+Z आहेच, पण फाइल बंद केल्यावर मागे जायची ही सोय उरत नाही.

कधी नंबरावर राइट क्लिक केल्यावर येणारा लेअर T खुणेचा नसतो, त्याच्या कोपऱ्यात कागदासारखी खूण असते. तो स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे आत आणखी एक फाइल. त्याच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करा, आतली फाइल उघडेल. तिथे नंबर काढा, Ctrl+S करा, ती बंद करा. बाहेरच्या बॅनरमध्ये बदल आपोआप दिसतो.

आणि यादीत `Background` नावाचा एकच लेअर दिसत असेल, तर नंबर, पट्टी, फोटो सगळं एकाच चित्रात मिसळलेलं आहे. काढायला वेगळा लेअरच नाही. मागचा भाग पुन्हा रंगवून नंबर झाकावा लागतो, आणि नक्षीदार पार्श्वभूमीवर ते काम तासभर खातं. ते सुरू करण्याआधी ज्यानं बॅनर केला त्याला फोन करून मूळ फाइल मागा.