यादी शेवटी, म्हणून काम खोळंबलेलं

समजा, एका तासाचं व्याख्यान चांगल्या कॅमेऱ्यावर चित्रित केलं. एमपी४ फाइल तयार झाली, साधारण 1.8 जीबीची. लॅपटॉपवर उघडली की ती क्षणात सुरू होते, मधला कुठलाही भाग लगेच दिसतो. तीच फाइल सर्व्हरवर चढवली आणि तिथल्या प्रणालीला एवढंच सांगितलं, की पहिल्या सेकंदाचं एक चित्र काढून दे, मुखपृष्ठासाठी. आता मात्र पडद्यावर ‘0 टक्के’ दिसतं आणि दहा-बारा मिनिटं तेच दिसत राहतं. मग एकतर काम झटक्यात पूर्ण होतं, नाहीतर फाइल अपूर्ण असल्याची तक्रार येते. पहिल्याच सेकंदाचं चित्र हवं होतं, ते तर फाइलच्या सुरुवातीलाच असणार. मग अडलं कुठे?

बहुतेकांचा पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर जातो, दुसरा सर्व्हरच्या ताकदीवर. मोठं मशीन भाड्याने घेतलं तरी ‘0 टक्के’ तिथेच, कारण अडचण फाइलच्या रचनेत आहे.

ही रचना ॲपलने 1991 साली आणलेल्या क्विकटाइमची. पुढे एमपी४चं आंतरराष्ट्रीय मानक तिच्यावरच बेतलं गेलं. फाइल म्हणजे एकापुढे एक लावलेली खोकी. प्रत्येक खोक्याच्या तोंडाशी आठ बाइट असतात: पहिल्या चारांत खोक्याचा आकार, पुढच्या चारांत त्याचं चार अक्षरी नाव. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला खोकं नको असेल, तर तो आकार बघून थेट पुढच्या खोक्याच्या तोंडाशी उडी मारतो. सगळ्यात आधी `ftyp` नावाचं चिमुकलं खोकं असतं, ते फाइलची जात सांगतं. आपल्या कामाची खोकी दोनच. `mdat` मध्ये खरा ऐवज, म्हणजे दाबून बसवलेली चित्रं आणि आवाज. `moov` मध्ये त्या ऐवजाची यादी.

`mdat` च्या आत चित्रं आणि आवाज यांचे तुकडे आलटून-पालटून, एकाला एक चिकटून ठेवलेले असतात. इथे चित्र संपलं, इथून आवाज सुरू झाला, असं सांगणारी खूण मध्ये कुठेच नाही. ते सगळं `moov` मधले तक्ते सांगतात: कोणता तुकडा फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होतो, किती बाइटचा आहे, कोणत्या क्षणी दाखवायचा. शिवाय चित्राची लांबी-रुंदी आणि ते कोणत्या पद्धतीने दाबलंय याची माहिती, जिच्याशिवाय उलगडणारा प्रोग्रॅम कामालाच लागू शकत नाही, तीही तिथेच असते. त्यामुळे कोणी हुशारीने पहिल्या चित्राची हद्द अंदाजाने ओळखली, तरी ते चित्र उलगडण्याची किल्ली हाताशी नसते.

ही यादी केवढी असेल? सेकंदाला 30 चित्रं धरली तर तासाची होतात 1,08,000. आवाजाचा प्रत्येक तुकडा 1,024 नमुन्यांचा आणि सेकंदाला नमुने 48,000, म्हणजे तासाला 1,68,750 तुकडे. दोन्ही मिळून पावणेतीन लाखांच्या वर. प्रत्येकाचा आकार लिहायला चार बाइट, म्हणजे नुसत्या आकारांचा तक्ताच अकरा लाख बाइटचा. बाकीचे तक्ते धरले तर यादी दीड एमबीच्या आसपास जाते. 1.8 जीबीच्या मानाने ती काहीच नाही, पण तिच्यावाचून उरलेला सगळा ढीग निरुपयोगी.

मग ही यादी कॅमेरा शेवटी का ठेवतो? कारण त्याच्याकडे दुसरा सोपा मार्ग नसतो. चित्रीकरण चालू असताना पुढचं चित्र किती बाइटचं होणार हे त्याला ठाऊक नसतं. वक्ता स्थिर उभा असेल तर चित्र छोटं होतं, सभागृहावरून कॅमेरा फिरवला तर मोठं. व्याख्यान वीस मिनिटांत आटोपेल की दोन तास चालेल, हेही त्याला माहीत नाही, म्हणून सुरुवातीला नेमकी किती जागा सोडावी हे ठरवता येत नाही. काही यंत्रं अंदाजाने जागा राखून ठेवतात, पण चित्रीकरण लांबलं की ती अपुरी पडते. तेव्हा कॅमेरा ऐवज कार्डावर ओतत जातो, तक्ते स्वतःच्या स्मृतीत जमवतो, आणि आपण लाल बटण दाबून थांबवलं की `moov` शेवटी लिहून टाकतो. त्याच वेळी मागे जाऊन `mdat` च्या तोंडाशी कोरी सोडलेली आकाराची जागाही भरतो.

लॅपटॉपवर याचा त्रास होत नाही. फाइल डिस्कवर पडलेली असते. प्लेअर सुरुवात वाचतो, `mdat` चा आकार बघून शेवटाकडे उडी मारतो, यादी वाचतो आणि पुन्हा मागे येतो. या तीन हालचाली डोळ्याला कळतही नाहीत.

सर्व्हरवर मात्र पुष्कळदा फाइल डिस्कवर उतरवलीच जात नाही. साठवणुकीच्या जागेवरून ती पाइपमधून येते आणि थेट `ffmpeg` सारख्या प्रोग्रॅमच्या तोंडात पडते. डिस्कची जागा वाचते आणि पहिला तुकडा येताच काम सुरू होईल अशी आशा असते. पण पाइपमध्ये उडी मारता येत नाही; जे येईल ते येईल त्या क्रमानेच घ्यावं लागतं. घर बदलताना सामानाचा ट्रक यावा, कोणती वस्तू कुठल्या खोलीत ठेवायची याची यादी ट्रकच्या तळाशी गेलेली असावी, आणि उतरवलेलं सामान ठेवायला अंगणही नसावं, तशी ही गत.

आता आपलं व्याख्यान या पाइपमधून जाऊ द्या. वेग सेकंदाला 20 मेगाबिट, म्हणजे अडीच एमबी. 1,800 एमबी यायला 720 सेकंद लागतात, बारा मिनिटं. या बारा मिनिटांत प्रोग्रॅम मेलेला नसतो. तो `mdat` मधून बाइटमागून बाइट पुढे ढकलत यादीची वाट बघत असतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि नेटवर्क मात्र सतत वाहतंय, असं दिसलं की हाच प्रकार समजावा. शेवटच्या सेकंदाला यादी हाती येते आणि पहिलं चित्र चाळिसाव्या बाइटच्या आसपास होतं हे कळतं. पण तो बाइट बारा मिनिटांपूर्वीच वाहून गेलेला असतो. `ffmpeg` इथे `partial file` अशी तक्रार करून हात टेकतो. ज्या प्रणाली आलेलं सगळं स्मृतीत साठवत राहतात त्यांचं काम होतं, पण एका चित्रासाठी पावणेदोन जीबी स्मृती अडकते, आणि अशा दहा फाइली एकदम आल्या की मशीनच आडवं होतं.

फाइल यातली आहे का, हे बघायला फार खटपट नको. मॅक किंवा लिनक्सवर एवढी ओळ पुरते:

```
ffprobe -v trace -i vyakhyan.mp4 2>&1 | grep -e "type:'mdat'" -e "type:'moov'"
```

उत्तरात `mdat` ची ओळ `moov` च्या आधी आली, तर यादी शेवटी आहे.

उपाय म्हणजे यादी उचलून पुढे आणणं:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -c copy -movflags +faststart pudhe.mp4
```

यातल्या `-c copy` मुळे चित्र किंवा आवाज पुन्हा दाबला जात नाही, म्हणून दर्जा रतीभरही कमी होत नाही. मात्र नुसतं खोकं उचलून पुढे ठेवणं पुरत नाही. यादीत लिहिलेली ठिकाणं फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली असतात. पुढे पंधरा लाख बाइटचं खोकं घुसलं, की 40 वर असलेला तुकडा 15,00,040 वर जातो, आणि तक्त्यातल्या प्रत्येक ठिकाणात तेवढी भर घालावी लागते. ती घातली नाही तर प्रोग्रॅम भलत्याच जागी वाचायला लागतो आणि पडद्यावर नुसता चिखल दिसतो. `ffmpeg` आधी नेहमीसारखी फाइल लिहितो आणि मग दुसऱ्या फेरीत सगळा ऐवज मागे सरकवतो. म्हणून यासाठी फाइल डिस्कवर असावी लागते. पाइपमध्ये लिहिताना हे जमत नाही. थेट प्रक्षेपणासाठी वेगळी सोय आहे: ऐवजाचे छोटे छोटे हप्ते करून प्रत्येक हप्त्याबरोबर त्याची छोटी यादी धाडायची.

सगळ्या फाइलींवर हा उपाय डोळे मिटून करण्याची सवय मला पटत नाही. फाइल आधीच सर्व्हरच्या डिस्कवर असेल आणि तिथेच अख्खी पुन्हा दाबायची असेल, तर यादी कुठेही असली तरी वेळेत फरक पडत नाही, उलट 1.8 जीबी उगाच दोनदा हलते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीसाठी त्यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे पाइप काढून `ffmpeg` ला फाइलचा वेब पत्ता देणं. पलीकडचा सर्व्हर हवा तेवढाच तुकडा देऊ शकत असेल, तर प्रोग्रॅम आधी सुरुवात मागतो, मग शेपूट, मग चित्राची जागा. बारा मिनिटांचं काम काही सेकंदांवर येतं. सर्व्हरच्या नोंदींत अशा मागण्यांपुढे `206` हा आकडा दिसायला हवा. `200` दिसत असेल तर तो मागितलेला तुकडा सोडून अख्खी फाइल पाठवतोय आणि खोळंबा कायम आहे.

एका दुखण्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढलं, तर यादी लिहिलीच गेलेली नसते. फाइल 1.8 जीबीची दिसते, पण उघडू गेलं की `moov atom not found` असा संदेश येतो, आणि पुढे आणायला मुळात यादीच नसते. `untrunc` नावाचा प्रोग्रॅम अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी धडधाकट फाइल मागतो. तिच्यातून उलगडण्याची किल्ली घेतो, अर्धवट फाइलमधल्या तुकड्यांच्या हद्दी हुडकतो आणि नवी यादी रचतो. बऱ्याचदा चित्र आणि आवाज परत मिळतात, कधी आवाज मागेपुढे होतो, कधी ठरावीक मिनिटानंतर सगळं तुटतं. कार्ड पुसण्याआधी त्यावरची एखादी छोटी चांगली फाइल बाजूला काढून ठेवलेली असेल, तर निदान हा प्रयत्न करून बघता येतो.